विश्लेषण : धूर पकडता येईल, पण ठेवायचा कुठे?

केंद्रीय अर्थसंकल्पात (२०२६-२७) कार्बन पकडून वापरण्याच्या किंवा साठवण्याच्या तंत्रज्ञानासाठी पुढील पाच वर्षांत २० हजार कोटी रुपयांची तरतूद प्रस्तावित करण्यात आली. वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायने अशी पाच क्षेत्रे त्यासाठी नमूद आहेत. कल्पना ऐकायला सोपी वाटते. चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी पकडायचा, दाबून द्रवासारखा घट्ट करायचा आणि जमिनीखाली एक-दोन किलोमीटरवर सोडून द्यायचा. कोळसाही जळतो आणि हवामानाचीही काळजी घेतली जाते. हे खरोखर होते का, कितीला पडते आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे पैसे खर्च होण्याआधी विचारायला हवे. त्यासाठी कॅनडातील एका कोळसा वीज केंद्राची गोष्ट फार उपयोगी आहे.

चिमणीतून हा वायू वेगळा कसा काढतात?

कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो साधारण १२ ते १५ टक्के. उरलेला मोठा भाग म्हणजे नायट्रोजन, जो मुळात हवेतूनच आलेला असतो. सगळाच धूर जमिनीत घालायचा तर सात-आठ पट जागा आणि तेवढाच जास्त दाब लागेल. म्हणून आधी निवडणे आले. तांदळातून खडे निवडावेत तसे, फक्त येथे खडेच हवे असतात.

ही निवड करते अमाइन नावाचे रसायन. ते अमोनियाच्या कुळातले. पाण्यात मिसळलेले अमाइन एका उंच मनोऱ्यात वरून खाली सोडतात आणि थंड केलेला धूर खालून वर चढवतात. साधारण ४० अंश सेल्सिअसला अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवते, नायट्रोजनला हातही लावत नाही. मग हे भरलेले द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन १२० अंशांच्या आसपास तापवतात. तेथे ते पकडलेला वायू सोडून देते आणि रिकामे होऊन पुन्हा पहिल्या मनोऱ्याकडे जाते. हे चक्र दिवसरात्र चालते.

सगळी मेख या तापवण्यात आहे. त्यासाठी लागणारी वाफ कुठून आणायची? केंद्रात वाफ असतेच, पण ती टर्बाइन फिरवून वीज करण्यासाठी असते. ती वळवली की वीज कमी होते. त्यात भर म्हणून सुटलेला वायू कोरडा करून शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबापर्यंत दाबावा लागतो, कारण ओला कार्बन डायऑक्साइड आम्ल बनून पोलादी नळ खातो. दाबणारे कॉम्प्रेसरही विजेवरच चालतात. थोडक्यात, केंद्र स्वतःच्या विजेतला मोठा हिस्सा स्वतःचाच धूर धुण्यात घालवते.

कॅनडात काय घडले?

सॅस्कॅचेवान प्रांतात एस्टेव्हन गावाजवळ बाउंडरी डॅम हे लिग्नाइट कोळशावरचे वीज केंद्र आहे. प्रांताच्या मालकीची सॅस्कपॉवर कंपनी ते चालवते. त्यातील तिसरा संच जुना झाला होता. तो बंद करण्याऐवजी कंपनीने त्याचे नूतनीकरण करून मागे अमाइनचा कारखाना जोडला. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो सुरू झाला. व्यावसायिक वीज केंद्राला या प्रमाणावर जोडलेला जगातला तो पहिला प्रकल्प. एकूण खर्च सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर, त्यातले २४ कोटी केंद्र सरकारने दिले.

वीज किती घटली ते पाहा. जुना संच ग्रिडला सुमारे १३९ मेगावॉट देत असे. नवा टर्बाइन बसवूनही हाती उरले ११० ते ११५ मेगावॉट. हा धक्का नव्हता, तो आराखड्यातच होता. धक्का पुढे बसला. धुरातील ९० टक्के कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला १० लाख टन पकडायचे ठरले होते. पहिल्या वर्षी कारखाना जेमतेम ४० टक्के वेळ चालला. पकडलेला वायू एका तेल कंपनीला विकण्याचा करार होता. तो पुरवता न आल्यामुळे दंड भरावा लागला.

कारणे अगदी घरगुती म्हणावीत अशी होती. धुरातली बारीक राख मनोऱ्यांत आणि उष्णता बदलणाऱ्या यंत्रांत साचू लागली. अमाइनला फेस येऊ लागला. तापून आणि अशुद्धींशी भिडून ते अपेक्षेपेक्षा लवकर नासू लागले. एखादे यंत्र साफ करायचे तर सगळा कारखाना थांबवावा लागे, कारण जोडीला दुसरे यंत्र आणि मध्ये बंद करायची झडपच ठेवलेली नव्हती. २०१७ मध्ये अशी जोडयंत्रे बसवल्यावर कारभार सुधारला. २०२१ मध्ये मुख्य कॉम्प्रेसरची मोटर बिघडली आणि पुन्हा कित्येक महिने गेले. पहिले ५० लाख टन पकडायला आठ वर्षांहून अधिक काळ लागला. मूळ हिशेबाने तो पाच वर्षांचा मामला होता.

म्हणून हा प्रकल्प फसला असे म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. रसायनशास्त्र फसले नाही. वायू पकडला गेला, तो शुद्ध होता, आजवर लाखो टन जमिनीखाली गेले. फसला तो वर्षभर न थांबता चालण्याचा भाग. तरीही सॅस्कपॉवरचाच २०१८ चा निर्णय बोलका आहे : चौथ्या आणि पाचव्या संचाला ही जोडणी करायची नाही. ज्यांनी स्वतः चालवून पाहिले त्यांनी पुन्हा तोच हिशेब मांडला नाही.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. अमाइन नासवणारा मोठा शत्रू म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तो अमाइनला असा चिकटतो की नुसते तापवून सुटत नाही, रसायन कायमचे वाया जाते. त्यामुळे आधी गंधक काढणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, लागतेच. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातील तीन चतुर्थांशाहून अधिक औष्णिक संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. भारतीय कोळशात राखही भरपूर. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी कॅनडातले अमाइन बेजार केले असते, त्यातली राख आपल्याकडे जास्त आणि गंधक काढायचे काम लांबणीवर. अशा संचाला कार्बन पकडणारा मनोरा जोडणे म्हणजे न गाळता पाणी फिल्टरमध्ये ओतणे.

खर्च किती, आणि कोणत्या टनाचा?

या विषयावरच्या बातम्यांत टनाला अमुक डॉलर असा आकडा असतो. तो वाचताना पहिला प्रश्न विचारावा : पकडलेल्या टनाला की वाचलेल्या टनाला? दोन्हींत बरेच अंतर आहे.

एक सोपे गणित करू. आपल्या कोळसा केंद्रात एक युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. समजा १०० युनिट वीज झाली, १०० किलो वायू निघाला. त्यातला ९० किलो पकडला. या कामात २५ युनिट खर्च झाली, ग्राहकाला उरली ७५. आता समजा पकडण्यापासून साठवण्यापर्यंतचा खर्च, गेलेल्या विजेची किंमत धरून, टनाला पाच हजार रुपये आहे. म्हणजे किलोला पाच रुपये, ९० किलोंचे ४५० रुपये. ते ७५ युनिटांवर वाटले तर युनिटमागे सहा रुपये वाढले. कोळशाच्या विजेचा निर्मितीखर्चच आज साधारण चार ते सहा रुपयांच्या दरम्यान असतो. म्हणजे तो दुप्पट किंवा त्याहून अधिक झाला.

दुसरी बाजू अशी. ग्राहकाला पूर्वीसारखी १०० युनिट द्यायची तर आता १३३ तयार करावी लागतील, म्हणजे कोळसाही तेवढाच जास्त जाळावा लागेल. वायू निघेल १३३ किलो, पकडला जाईल १२०, सुटेल १३. पूर्वी १०० किलो हवेत जात होता, आता १३ जातो. हवेतून खरोखर वाचले ८७ किलो, पण पैसे मोजले १२० किलोंचे. पाच हजारांचा टन येथे सहा हजार नऊशेला पडला. कंपन्या बहुधा पहिला आकडा सांगतात.

सगळीकडे इतका खर्च येत नाही हेही खरे. नैसर्गिक वायू शुद्ध करताना किंवा खत कारखान्यात अमोनिया बनवताना कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध स्वरूपातच बाजूला निघतो. तेथे निवडण्याचे काम आधीच झालेले असते. सिमेंटची गोष्ट वेगळ्या कारणाने महत्त्वाची. सिमेंटमधला बहुतांश कार्बन कोळशातून येत नाही, तो चुनखडीतूनच सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी चुनखडी भाजली की वायू निघणारच. विजेला सौर आणि पवन हे पर्याय आहेत, चुनखडीला तितका सोपा पर्याय नाही. नॉर्वेतील ब्रेविक येथे जून २०२५ मध्ये सिमेंट कारखान्याला जोडलेला पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. तो वर्षाला चार लाख टन, म्हणजे त्या कारखान्याचा सुमारे निम्मा वायू पकडतो. तेथून तो जहाजाने जातो आणि समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर सोडला जातो. त्या साखळीचा मोठा खर्च नॉर्वेच्या सरकारने उचलला आहे, हे मात्र विसरू नये.

जमिनीखाली तो राहतो कसा?

जमिनीखाली मोठी गुहा असते आणि तिच्यात वायू भरतात, असा अनेकांचा समज असतो. तसे नसते. वायू जातो वाळूच्या खडकातील सूक्ष्म छिद्रांत, जेथे आधीच खारे पाणी असते. साधारण ८०० मीटरच्या खाली दाब आणि उष्णता अशी असते की कार्बन डायऑक्साइड द्रवाइतका घट्ट होतो आणि कमी जागेत मावतो. तरी तो पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे वर सरकू पाहतो. वर शेलसारखा चिवट, घट्ट खडक झाकणासारखा हवा. काळ जातो तसा वायूचा काही भाग छिद्रांत अडकून बसतो, काही पाण्यात विरघळतो.

नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर येथे १९९६ पासून हे चालू आहे, सुरुवातीची बरीच वर्षे वर्षाला जवळपास १० लाख टन. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातील तेल-वायू उद्योगावर कार्बन कर लावला होता. कर भरण्यापेक्षा वायू पुरणे स्वस्त पडले, म्हणून कंपनीने पुरला. ध्वनिलहरी सोडून जमिनीखालचे चित्र वारंवार घेतले जाते आणि वायू कुठवर पसरला ते त्यात दिसते.

मग ऑस्ट्रेलियात गॉर्गनला काय झाले? बॅरो बेटावरील या प्रकल्पात पकडण्याचा प्रश्नच नव्हता, नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड काढणे भागच होते. वर्षाला सुमारे ४० लाख टन पुरायची क्षमता उभारली, खर्च तीन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. साठवण सुरू व्हायलाच ऑगस्ट २०१९ उजाडला, तोवर मुख्य प्रकल्प तीन वर्षे वायू विकत होता. पुढची अडचण पाण्याची. छिद्रांत आधीच पाणी आहे, त्यामुळे आत वायू ढकलला की दाब वाढतो. दाब फार वाढला तर झाकणाचा खडक तडकू शकतो. म्हणून दुसऱ्या विहिरींतून पाणी उपसण्याची योजना होती. त्या विहिरी वाळूने तुंबल्या. पाणी निघेना, म्हणून वायूही कमीच सोडावा लागला. अलीकडच्या वर्षांत क्षमतेच्या निम्माही वायू तेथे जात नाही.

खडकात जागा किती, हा एक प्रश्न झाला. वर्षाला किती वेगाने भरता येईल, हा दुसरा. सरकारी अहवालांतले साठवण क्षमतेचे अब्जावधी टनांचे आकडे बहुतेक पहिल्या प्रश्नाचे उत्तर असतात. दुसऱ्याचे उत्तर विहीर खोदून, महिनोन्महिने वायू सोडूनच मिळते.

दख्खनच्या काळ्या कातळात जागा आहे का?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टवर बसला आहे आणि या कातळाबद्दल मोठी आशा बाळगली जाते. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये सुमारे २३० टन वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक खनिज बनला, अक्षरशः दगड झाला. बेसॉल्टमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह आम्लयुक्त पाण्यात सुटते आणि कार्बनशी जुळते. दगड झालेला वायू गळत नाही, झाकणाची चिंता बरीच कमी होते. याहून चांगले काय हवे?

हवे पाणी. त्या पद्धतीत एक टन वायूमागे साधारण २५ टन पाणी लागते. ५०० मेगावॉटचा एक संच ७० टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे ३० लाख टन वायू निघतो. त्यातला २७ लाख टन पकडला तर पाणी लागेल जवळपास पावणेसात कोटी टन, म्हणजे सुमारे २.४ टीएमसी. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आत आहे. एका संचासाठी दरवर्षी एका खडकवासल्याहून जास्त! पाणी खालूनच उपसून पुन्हा वापरता येते, समुद्राच्या पाण्याचेही प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू पाण्याविना, नुसता दाबून बेसॉल्टमध्ये सोडला आणि तेथेही खनिज झाल्याचे आढळले. पण हजार टन आणि वर्षाला २७ लाख टन यांत फार मोठी दरी आहे.

शिवाय आपला कातळ आइसलँडइतका तरुण नाही, तो साडेसहा कोटी वर्षांचा आहे. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींत काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात. संग्राहक ते हौसेने विकत घेतात. ती आहेत कॅल्साइट आणि झिओलाइट, म्हणजे निसर्गाने त्या पोकळ्या आधीच भरून टाकल्या आहेत. खोलवर किती छिद्रे मोकळी आहेत ते भोक पाडल्याशिवाय कळणार नाही. जाडीही सगळीकडे सारखी नाही. कोयनेच्या परिसरात किलोमीटर-सव्वा किलोमीटरनंतर बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, आणि पूर्वेला विदर्भाकडे, जेथे कोळसा व वीज केंद्रे आहेत, थर पातळ होत जातो.

कोयनेचे नाव निघाले की ११ डिसेंबर १९६७ आठवणारच. धरणाच्या पाण्याने खोलवरचा दाब बदलला आणि आधीच ताणलेली भेग सुटली, असे बहुतांश भूशास्त्रज्ञ मानतात. दाबाने पाणी वा वायू खाली घालणे ही त्याच जातीची गोष्ट आहे. म्हणून महाराष्ट्रात कुठेच साठवू नये असे नाही, पण कुठे नाही याचा नकाशा आधी हवा.

आणखी काय सुटलेले नाही?

वाहतूक. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील सटार्शिया गावाजवळ २२ फेब्रुवारी २०२० रोजी पावसाने टेकडी खचून कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो सखल भागात साचला. लोक गुदमरले, ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, सुमारे दोनशे जणांना हलवले. प्राणवायू नसल्याने पळणाऱ्यांच्या गाड्यांची इंजिनेही बंद पडली. आपल्याकडे गावे एकमेकांना खेटून आहेत, अशी पाइपलाइन कुठून न्यायची?

जबाबदारी. युरोपीय संघात विहीर बंद केल्यावर साधारण किमान २० वर्षे कंपनीने लक्ष ठेवायचे आणि मग ती सरकारच्या गळ्यात, असा नियम आहे. आपल्याकडेही हा प्रश्न पहिल्या टनाआधी सुटायला हवा.

आणि तेलाचा प्रश्न. बाउंडरी डॅमचा बराचसा वायू वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो. तेथे तो अडकलेले तेल बाहेर ढकलतो. विक्रीतून पैसे मिळतात, वायूचा मोठा भाग खाली राहतोही, पण निघालेले तेल कुठेतरी जळतेच. तो हिशेब कार्बनच्या खात्यात कसा मांडायचा यावर एकमत नाही.

माझे मत विचाराल तर २० हजार कोटींतला मोठा वाटा कोळशाच्या जुन्या संचांकडे जाऊ नये. तो सिमेंट आणि पोलादाकडे जावा, आणि त्याआधी विहिरींकडे : खोल भोके, दाबाच्या चाचण्या, वर्षभर चालणारे लहान प्रयोग. मनोरा उभारायला तीन-चार वर्षे लागतात, साठवणीची जागा तपासायला त्याहून जास्त. उलट्या क्रमाने गेलो तर पकडलेला वायू पुन्हा चिमणीतूनच सोडावा लागेल.

या विहिरींबरोबर एक स्वस्त काम लगेच सुरू करता येईल. वेबर्नजवळच्या एका शेतात २०११ मध्ये तळ्यातून बुडबुडे येत असल्याची, खालचा वायू फुटल्याची तक्रार झाली. तपासात मातीतल्या वायूमधील कार्बनचा एक प्रकार, कार्बन-१४, मोजला गेला. तो सजीवांत असतो, पण लाखो वर्षे पुरलेल्या कोळशात उरत नाही. तेलक्षेत्रात सोडलेला वायू तेव्हा लिग्नाइटपासून येत होता. मातीतल्या वायूत कार्बन-१४ सापडला, म्हणजे तो मुळे आणि जिवाणूंचा होता. वाद मिटायला अशा मोजमापांचा आधार लागला. माती आणि विहिरींच्या पाण्याची ही मोजणी वायू सोडण्याच्या किमान वर्षभर आधी, प्रत्येक ऋतूत घ्यावी लागते. नंतर घेतली तर तुलना कशाशी करायची, हेच कळत नाही.